मध्यरात्री विमानतळावरून दादरला, कमी पैशांत आणि निर्धोक

*ताई, मी नागपूरची. मंगळवारी सकाळी दादरला नोकरीवर रुजू व्हायचंय. स्वस्तातलं तिकीट मिळालं ते सोमवारी रात्रीचं, विमान मुंबईला टर्मिनल एकवर साडेबाराला उतरतं. राहायची सोय दादर पश्चिमेला, गोखले रोडजवळ एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून. मैत्रीण म्हणते सरळ रिक्षा कर, स्वस्त पडेल. बाबा म्हणतात आधीच गाडी ठरव, हजार-बाराशे गेले तर गेले. मला एवढे पैसेही घालवायचे नाहीत आणि घरच्यांच्या जिवाला घोरही लावायचा नाही. मुंबईत एकटी पहिल्यांदाच येतेय. काय करू?*

तुझ्या मैत्रिणीचा बेत आधी बाजूला ठेवू, कारण तो मुंबईच्या नियमातच बसत नाही. इथे रिक्षा उपनगरात चालतात. पश्चिमेकडून वांद्रे आणि पूर्वेकडून सायन ओलांडलं की पुढच्या शहरात रिक्षाला परवानगी नाही. दादर त्या हद्दीच्या आत येतं. त्यामुळे विमानतळावरच्या रिक्षावाल्याने ‘दादर? चला, सोडतो’ म्हटलं तर तो तुला वांद्र्याला किंवा माहीमच्या अलीकडे उतरवणार, आणि तिथून पुढे रात्री दीड वाजता रस्त्यावर उभं राहून टॅक्सी शोधायचं काम तुझ्याकडे येणार.

कुणी म्हणेल, तेवढे पैसे तर वाचतील. हिशोबच करून बघू. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये आहे आणि पुढे दर किलोमीटरला साधारण १७ रुपये १४ पैसे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं तेच ३१ रुपये आणि पुढे २० रुपये ६६ पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात दोन्हींना सव्वापट भाडं लागतं. टर्मिनल एक ते दादर पश्चिम अंतर बारा किलोमीटर धर. सरळ टॅक्सी केली तर मीटरचे २४८ आणि सव्वापट करून ३१० रुपये होतात. अर्ध्या वाटेपर्यंत रिक्षा आणि पुढे टॅक्सी केली तर रिक्षाचे १२९ आणि टॅक्सीचे १५५, मिळून २८४. म्हणजे बॅगा उतरवायच्या, अनोळखी नाक्यावर ताटकळायचं, दुसरा चालक पटवायचा, आणि वाचले किती, तर सव्वीस रुपये. कारण उघड आहे: रिक्षा आणि टॅक्सीच्या दरात किलोमीटरला साडेतीन रुपयांचाच फरक आहे, आणि तोही अर्ध्याच वाटेवर मिळतो. दिवसाउजेडी हौस म्हणून कर, पण रात्री नको.

बाबांचे हजार-बाराशेही नकोत. त्यांना हा ३१०चा आकडा सांग. तो तू स्वतःही पाठ करून ठेव, कारण तुझ्या त्या रात्रीची निम्मी सुरक्षितता या आकड्यात आहे. ज्या प्रवाशाला भाड्याचा अंदाज नसतो त्याला गेटपाशी उभं असलेलं माणूस बरोबर ओळखतं. समोरून ‘दादर, नऊशे’ ऐकल्यावर जो क्षणभर विचारात पडतो, त्याच्याशी पुढची सगळी घासाघीस सातशे-आठशेच्या आसपासच होते.

आता वेळेचं. विमान साडेबाराला उतरेल, पण तुझ्या दृष्टीने खरी वेळ आहे ती पट्ट्यावरून बॅग उचलून दारापर्यंत येण्याची. ती एकच्या पुढे जाणार. मेट्रो तीन टर्मिनल एकच्या अगदी जवळून जाते आणि थेट दादरला थांबते, तुझ्या पत्त्यासाठी तिच्यासारखी सोय नाही. पण तिची शेवटची गाडी सुरुवातीच्या स्थानकावरून रात्री साडेदहाला सुटते. विलेपार्ले स्टेशनही जवळ आहे आणि तिथून दादरचं लोकलचं तिकीट पाच-दहा रुपयांचंच, पण रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान लोकल बंद असतात. त्यामुळे ‘धावत गेले तर शेवटची लोकल मिळेल’ असा बेत मुळीच करू नकोस. विमान पंधरा मिनिटं लवकर उतरलं तरी नाही. रिकाम्या फलाटावर जाऊन शेवटची गाडी गेलीय हे कळणं यापेक्षा विमानतळावरच थांबलेलं कितीतरी बरं.

तेव्हा तुझ्यापुढे खरे दोनच मार्ग उरतात. एक, तेव्हाच्या तेव्हा टॅक्सी. दोन, उजाडेपर्यंत थांबून मेट्रो. तुझ्या बाबतीत मी पहिला सांगेन, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तुला कामावर हजर व्हायचंय आणि रात्रभर खुर्चीवर अवघडून बसलेल्या माणसाची पहिल्या दिवशीची कळा मी बघितलेली आहे. दुसऱ्याकडे मागाहून येते.

टॅक्सी मिळवायचेही तीन रस्ते आहेत, आणि त्यांचा क्रम मी असा लावेन. पहिला प्रीपेड काउंटर. आगमनाच्या बाजूला असतो. ‘दादर पश्चिम, गोखले रोड’ असं स्पष्ट सांग, नुसतं दादर नको, कारण पूर्व आणि पश्चिम यांत रुळांचा पसारा आहे आणि रात्री चुकीच्या बाजूला उतरणं फार जिवावर येतं. काळी-पिवळी की वातानुकूलित, हेही तिथेच विचारतील. निळ्या-चंदेरी कूल कॅबचं पहिल्या टप्प्याचंच भाडं ४८ रुपये आहे, तेव्हा तुला ती नको. रात्रीच्या वेळी खिडकी अर्धी उघडली की भागतं. प्रीपेडचे पैसे मीटरपेक्षा काहीसे जास्त होतात. ते जास्तीचे पैसे कशाचे, तर भाडं आधी ठरलेलं असतं आणि तू कुठल्या गाडीत बसलीस याची नोंद राहते. तुझ्या पहिल्या खेपेला ते द्यायला माझी ना नाही.

त्या पावतीचं मात्र नीट बघ. पावतीवरचा गाडीचा नंबर आणि समोरच्या गाडीचा नंबर ताडून पाहायचा, मग बॅग ठेवायची. चालकाला त्याची पावती दारात उतरल्यावरच द्यायची, कारण ती दाखवून त्याला पैसे मिळतात. एकदा ती त्याच्या खिशात गेली की ‘मॅडम, इथेच उतरा, आत गल्लीत गाडी वळत नाही’ हे वाक्य ऐकू येण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरा रस्ता ॲपवरच्या गाडीचा. त्यात गाडीची, चालकाची, मार्गाची नोंद आपोआप राहते आणि प्रवास चालू असताना घरच्यांना तो नकाशावर दाखवता येतो, हा मोठा फायदा. भाडं मात्र त्या वेळच्या मागणीवर ठरतं, त्यात विमानतळाचं शुल्कही मिसळलेलं असतं. बॅगेच्या पट्ट्याजवळ उभी असतानाच आकडा बघून घे. प्रीपेडच्या जवळपास असेल तर खुशाल ती कर; दुप्पट दिसत असेल तर काउंटर आहेच. गाडी आली की नंबर जुळव, आणि मगच पिन सांग. गाडीत बसण्याआधी फोनवरच पिन मागणाऱ्याला तो देऊ नकोस.

या ॲपवाल्यांच्या बाबतीत एक प्रकार विमानतळावर हमखास होतो. चालक फोन करतो, ‘मॅडम, कुठे जायचंय? कॅश आहे का? मग असं करा, राइड कॅन्सल करा, तेवढ्याच पैशात सोडतो.’ बोलणं गोड असतं, कधी पन्नास रुपये कमीही सांगतात. पण कॅन्सल केल्याक्षणी तो तुझा चालक राहिला नाही आणि तू त्याची प्रवासी नाहीस. गाडी कुठे आहे हे कुणालाच कळणार नाही, तक्रारही कुठे करता येणार नाही. ‘मला ॲपवरूनच यायचंय, जमत नसेल तर तुम्ही कॅन्सल करा,’ एवढं म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

तिसरा रस्ता बाहेरून मीटरची काळी-पिवळी पकडण्याचा. सगळ्यांत स्वस्त हाच, तो ३१०चा आकडा याचाच. पण तो तू दोन-चारदा मुंबईत येऊन-जाऊन झाल्यावर वापर. तेव्हासाठी एक खूण सांगून ठेवते. काही मीटर जोरात पळतात. ते ओळखायला फोनवर नकाशा उघडा ठेव. पाच किलोमीटर झाले की दिवसाच्या दराने मीटर १०३च्या आसपास हवा. सिग्नलला थांबल्याचे चार-पाच रुपये इकडेतिकडे होतील, पण आकडा दीडशेकडे गेलेला असेल तर मीटर पळतोय. रात्रीचं भाडं दरपत्रकाच्या कार्डावर मध्यरात्रीच्या रकान्यात असतं, ते मागून बघायचं. चालकाने तोंडी सांगितलेल्या ‘दीडपट’वर जायचं नाही, सव्वापटच असते. आणि मीटर टाकायलाच तयार नसेल तर वाद घालत बसू नकोस. नियम तुझ्या बाजूने आहे हे खरं, पण रात्री दीडला नियम शिकवण्यापेक्षा मागची टॅक्सी बघावी.

हे तीन सोडून चौथा जो भेटेल तो नको. टर्मिनलच्या दारातून बाहेर पडताच कुणीतरी हळू आवाजात ‘टॅक्सी मॅडम? एसी गाडी आहे’ म्हणत बरोबर चालायला लागेल. गळ्यात कसलंसं ओळखपत्रही असेल. तो तुला पार्किंगच्या एखाद्या कोपऱ्यात नेईल आणि तिथे उभी असेल खासगी गाडी. ओळखायची सोपी रीत म्हणजे नंबरप्लेट. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. विजेवर चालणारी भाड्याची गाडी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे घरगुती गाडी, तिला भाडं घ्यायचा परवानाच नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती. हे चार रंग लक्षात ठेवलेस की कुणाचंही बोलणं ऐकत बसावं लागत नाही. मान खाली, पाय काउंटरकडे.

गाडीत बसल्यावर मार्ग कसा असेल ते माहीत असू दे, म्हणजे प्रत्येक वळणाला छातीत धस्स होणार नाही. टर्मिनल एकमधून निघालं की गाडी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागते आणि दक्षिणेकडे वळते. वाकोला, खेरवाडी, मग कलानगरचा जंक्शन. तिथून माहीम, आणि माहीमवरून शिवाजी पार्कच्या बाजूने दादर. रात्री रस्ता मोकळा असतो, अर्ध्या तासात पोचशील. यात वांद्रे-वरळी सी-लिंक कुठेच येत नाही. तो थेट वरळीला उतरवतो आणि त्याचा एका बाजूचा टोल १०० रुपये आहे, जो प्रवाशाच्याच माथी बसतो. चालक म्हणाला ‘सी-लिंकने पटकन जाऊ’, तर ‘नको, माहीमवरून घ्या’ म्हण. हे असं ठिकाणाचं नाव घेऊन म्हटलं की बाई नवखी नाही हे त्यालाही समजतं. पहिल्यांदाच आले, एकटीच राहणार आहे, नोकरी कुठे, पगार किती, या गप्पा मुळीच नकोत. चालक बहुतेक वेळा नुसते झोप घालवायला बोलत असतात, पण उत्तर ‘काकू वाट बघताहेत’ एवढं पुरे.

मागच्या सीटवर बस. गाडी सुटण्याआधी दार आतून एकदा उघडून बंद कर, म्हणजे लहान मुलांसाठीचं कुलूप लागलेलं आहे का ते कळेल. गाडीचा नंबर बाबांना पाठव आणि थेट लोकेशन चालू कर. फक्त एक बघ, ज्याला पाठवशील तो त्या वेळी जागा असला पाहिजे. झोपलेल्या माणसाच्या फोनवर सरकणारा निळा ठिपका काही कामाचा नाही. बाबांना काळजी आहेच ना, तर त्यांना दोनपर्यंत जागायला लाव. काही वावगं वाटलंच तर ११२ हा क्रमांक आहे, मुंबई पोलिसांचा महिलांसाठी १०३ही आहे. पण त्याआधी उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकीसमोर, गाडी थांबवायला सांगता येते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव. विमानात ती चेक-इनच्या सामानात टाकू देतही नाहीत.

आता ज्याचा विचार कुणी करत नाही ते, म्हणजे शेवटची पन्नास पावलं. दादरच्या जुन्या इमारतींची फाटकं रात्री अकरा-बाराला बंद होतात. वॉचमन असला तर डुलकीत असतो, नसला तर फाटकाला कुलूप. काकूंना आदल्या दिवशीच फोन करून तीन गोष्टी विचार: फाटक कोण उघडेल, रात्री कुठल्या नंबरवर रिंग द्यायची, आणि इमारतीचं पाटीवरचं नाव नेमकं काय. नकाशावर पिन टाकून पाठवायला सांगितलंस तर उत्तमच. माहीम आलं की त्यांना फोन लाव, म्हणजे गाडी पोचेपर्यंत त्या खाली किंवा खिडकीत येतील. फाटक उघडलं की मगच टॅक्सी सोडायची. दोन मिनिटं थांबायला कुठलाही चालक नाही म्हणत नाही, पावती अजून तुझ्याच हातात असली तर मुळीच नाही.

विमानाला उशीर झाला तर मात्र बेत बदलायचा. समज, नागपूरहूनच दोन तास उशिरा सुटलं आणि बॅग हातात पडेपर्यंत तीन-सव्वातीन वाजले. तेव्हा काकूंना साडेतीनला उठवण्यात अर्थ नाही. दारातून बाहेर पडू नकोस. एकदा बाहेर आलं की परत आत सोडत नाहीत. आत पट्ट्यांच्या परिसरातच खुर्ची बघून बस, तिथे उजेड आहे, सुरक्षारक्षक आहेत, स्वच्छतागृह आहे. पाच वाजले की तीच काळी-पिवळी सव्वापटीशिवाय मिळते, म्हणजे ३१०चे २४८ होतात. आणखी तासभर कळ काढलीस तर सहाच्या सुमाराला मेट्रो चालू होते. तिच्या संपूर्ण मार्गाचं तिकीटच ७० रुपये आहे, तुला दादरपर्यंत त्याहून कमीच लागेल. लोकल त्याआधीच सुरू होतात, पण मोठी बॅग असेल तर सकाळच्या गाडीत चढणं-उतरणं तुला पहिल्याच दिवशी झेपायचं नाही. पार्ल्याला गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिकीट पुन्हा एकदा उघडून बघ, दोन गोष्टींसाठी. एक, टर्मिनल. काही कंपन्यांची विमानं दोन्ही टर्मिनलवर उतरतात आणि ऐनवेळी बदल होतो. टर्मिनल दोन सहारला आहे, तिथून दादर तीनेक किलोमीटर जास्त, मीटरने ३८७च्या घरात. ॲपच्या गाड्या तिथे बहुमजली पार्किंगमध्ये ठरलेल्या जागी येतात, पाट्या बघत जायचं. दुसरी गोष्ट विमानतळाचा कोड. BOM असेल तर हे सगळं लागू. NMI असेल तर तू नवी मुंबईला उतरणार आहेस, आणि तिथून दादर खाडीपलीकडे, चाळीसेक किलोमीटर. स्वस्त दिसलेलं तिकीट मग तितकं स्वस्त राहत नाही. तसं निघालं तर बाबांचे हजार-बाराशे लागतीलच, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे.

परतीचंही सांगून टाकते, कारण नागपूरची स्वस्त विमानं बऱ्याचदा पहाटेचीच असतात. पावणेसहाचं असेल तर सव्वाचारला टर्मिनलवर हवं, म्हणजे साडेतीनला दादर सोडायचं. लोकलच्या भरवशावर ते जमत नाही. आदल्या रात्री ॲपवर गाडी राखून ठेव, पण तिच्यावरच विसंबू नकोस. राखून ठेवलेली गाडीही पहाटे आयत्या वेळी ‘चालक शोधत आहोत’ म्हणते. तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत चालकाचं नाव दिसलं नाही तर वाट बघत बसू नकोस. दादर स्टेशनबाहेर पश्चिमेला त्या वेळी काळ्या-पिवळ्या उभ्या असतात, लांबच्या गाड्यांचे प्रवासी आणि फूलबाजारातले व्यापारी यांची तिथे पहाटेच्याही आधी वर्दळ सुरू झालेली असते. मोठी बॅग असेल तर काकूंच्या वॉचमनला वीस रुपये दे, तो स्टेशनवरून टॅक्सी बोलावून फाटकात आणून उभी करेल.